मदत हवी आहे: प्रोटीन पावडरच्या विक्री-नोंदीतील मजकूर

नमस्कार. मी व्हे प्रोटीनच्या एक किलोच्या डब्यासाठी ऑनलाइन विक्रीची नोंद लिहीत आहे आणि तीन ठिकाणी अडलो आहे.

लेबलवर एका वेळचे प्रमाण ३३ ग्रॅम, त्यात प्रथिने २४ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅममागे सुमारे ७३ ग्रॅम आणि डब्यात ३० वेळा पुरेल इतकी पावडर, असे दिले आहे. मात्र डब्यातील चमचा सपाट भरून वजन केले असता, पावडर दबलेली असल्यास ३६ ग्रॅम आणि मोकळी असल्यास ३० ग्रॅम भरते. अशा वेळी ‘एक चमचा’ न लिहिता ग्रॅमच लिहावेत, हे योग्य ठरेल का?

घटक लेबलवरील क्रमानेच देणार आहे. दूध आणि सोया लेसिथिन ॲलर्जीसाठी ठळक करीन. साठ्यात दोन बॅचेस असल्याने कोणती अंतिम तारीख दाखवावी? मला अलीकडची, म्हणजे आधी संपणारी, प्रामाणिक वाटते.

‘महिन्यात स्नायू वाढतील, सांधेदुखी बरी होईल’ हे वाक्य मी काढले आहे. त्याऐवजी ‘प्रथिने स्नायूंच्या वाढीस हातभार लावतात’ एवढेच लिहिले, तर तेही हमीसारखे वाचले जाईल का?