आईच्या लिव्हरमधली पाण्याची गाठ: सुईने काढायला डॉक्टर का तयार नाहीत?

माणदेशी_पोरगा
आईच्या लिव्हरमध्ये ८ सेंमीची पाण्याची गाठ निघालीय. मिरजेचे डॉक्टर म्हणतात आधी गोळ्या, मग ऑपरेशन. मी म्हटलं पाणीच आहे तर सुई घालून ओढून घ्या की. अंगावरच आले. गावातले डॉक्टर मात्र म्हणतात काढू, चिरफाड नको. ज्यांनी काढून घेतलीय त्यांनी खर्च सांगा. परवा ठरवायचंय.

सांगलीकर_बाळू
बिनधास्त काढा. माझ्या मेव्हण्याच्या लिव्हरमधून सुईने अर्धा लिटर काढलं, चौथ्या दिवशी द्राक्षबागेत हजर. ऑपरेशनवाल्यांचं बिलाकडे लक्ष असतं.

सोनोग्राफीवाला
बाळू, मेव्हण्याला ताप होता ना? आणि निघालं ते चॉकलेटी? तो अमिबाचा पू होता, तो सुईने काढतातच. इथे वेगळं दिसतंय, हायडॅटिड म्हणजे कृमीची गाठ असावी.
माणदेशी, आईंना ताप आहे का? घरी कुत्री-मेंढरं? रिपोर्टमधली वाक्यं जशीच्या तशी लिहा. आणि छातीचा एक्स-रे?

माणदेशी_पोरगा
ताप नाही. मेंढरं आहेत, ३ कुत्री आहेत. आटपाडीकडं कुणाकडं नाहीत? कुत्र्याचा काय संबंध?

शुभांगी_ताई
कुत्रं चावलं असेल तर आधी इंजेक्शनं पूर्ण करा हो. आमच्या शेजारच्यांनी तिसरं चुकवलं होतं.

माणदेशी_पोरगा
ताई, चावलं नाही. गाठीचं विचारतोय.

सोनोग्राफीवाला
चावण्याचा संबंध नाही. कुत्र्याच्या आतड्यात बारीक पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत, केसांवर, भाजीवर येतात आणि हातातून आपल्या पोटात जातात. तिथून रक्तातून लिव्हरला, काही फुप्फुसाला. ८ सेंमी व्हायला कैक वर्षं लागली असतील, म्हणून आईंना इतके दिवस काही कळलं नाही.

आता सुईचं. गाठीतलं पाणी दाबाखाली असतं. नितळ दिसतं, पण त्यात वाळूसारखे कण असतात आणि त्यातल्या कृमीच्या एकेका जिवंत डोक्यापासून नवी गाठ होऊ शकते. भोक पडून ते पोटात सांडलं तर दोन धोके. एक, तिथल्या तिथे जोराची ॲलर्जी: बीपी कोसळतं, श्वास अडकतो. दुसरा उशिरा कळतो. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, काही वर्षांपूर्वी कुणीतरी 'साधं पाणी' म्हणून ओढलेलं. आता पोटभर गाठी, ओटीपोटापर्यंत. एका ऑपरेशनात साफ होण्यासारखं राहिलं नव्हतं.

कडक_मत
म्हणजे हायडॅटिडला सुई लावायचीच नाही. विषय संपला.

सोनोग्राफीवाला
संपला नाही. 'पेअर' म्हणून पद्धत आहे. आधीपासून अल्बेंडाझोलच्या कृमीनाशक गोळ्या चालू ठेवायच्या, सुई लिव्हरच्या जाड भागातून न्यायची म्हणजे गळती कमी, पाणी ओढून पित्त नाही ना बघायचं, मग तीव्र मिठाचं पाणी किंवा अल्कोहोल भरून थांबायचं आणि परत ओढायचं. पित्त दिसलं तर ते औषध भरायचं नाही, पित्तनलिका जळतात. ॲलर्जीची तयारी शेजारी लागते. पण हे एका कप्प्याच्या गाठीसाठी. म्हणून रिपोर्ट मागतोय.

माणदेशी_पोरगा
रिपोर्टमध्ये 'अनेक कप्पे, आत लहान लहान गाठी' असं लिहिलंय. एक्स-रे गेल्या महिन्यात खोकल्यासाठी काढलेला, त्यात उजवीकडं गोल डाग होता. मिरजेत दाखवला नाही, दुखणं पोटाचं होतं ना. परवापासून खोकल्यात खारट पाणी येतंय म्हणते. गोळ्या आणल्यात, सुरू केल्या नाहीत.

सोनोग्राफीवाला
हे आधी सांगायचं! आत लहान गाठी म्हणजे पिशवीत द्राक्षं भरल्यासारखं, सुईने एक फोडाल, बाकी तशाच. लिव्हरच्या सुईचा विषय इथे सोडा. आणि खारट पाणी म्हणजे छातीतली गाठ फुटत असू शकते. एक्स-रे घेऊन आजच मिरजेला जा. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या तर वाटेत थांबू नका. गोळ्या त्यांना विचारूनच, फुप्फुसात मोठी गाठ असेल तर औषधाने भिंत कमजोर होऊन फुटू शकते. छातीतल्या गाठीत सुई कुणालाही घालू देऊ नका.

कडक_मत
मग आधी छातीचं ऑपरेशन, नंतर लिव्हरचं.

सोनोग्राफीवाला
ते सीटी बघून सर्जन ठरवतील. काही जण दोन्ही एका वेळी करतात.

जनावरांचा_डॉक्टर
मेंढरू कापलं की गाठी असलेलं कलेजं-फोपसं कुत्र्यापुढे टाकता ना? तिथूनच हे चक्र फिरतं. पुरून टाका, खोल. कुत्र्यांना प्राझिक्वांटेल द्यायला हवं, वजनावर.

शुभांगी_ताई
मग आम्ही मटण खायचं की नाही?

जनावरांचा_डॉक्टर
ताई, मटणातून माणसाला होत नाही. हात धुवा, भाजी धुवा.

माणदेशी_पोरगा
निघालोय. एक्स-रे पत्र्याच्या पेटीत सापडला. खर्चाचं कुणी सांगितलंच नाही.