अनुभव धागा : उधारीची वही की मोबाइलमधील खाते?

धागाकर्ता (किराणा दुकान, वाई)

आमच्या दुकानात सध्या दोन्ही चालते. नेहमीच्या गिऱ्हाइकांची उधारी वडील वहीत मांडतात आणि संध्याकाळी तीच मी मोबाइलमधील खात्यांवर चढवतो. हे दुहेरी लिहिणे फार काळ चालणार नाही, म्हणून एक काहीतरी ठरवायचे आहे. कोणते ॲप चांगले, हा माझा प्रश्न नाही. खाताबुक, ओकेक्रेडिट आणि तत्सम ॲप बहुतेकांनी पाहिली आहेत आणि त्यांचे मूळ काम सारखेच आहे. मला विचारायचे आहे ते एवढेच, की गिऱ्हाइकाचा आकडा आणि दुकानाचा आकडा यांत फरक पडला, तेव्हा तो आपण कसा शोधला आणि त्या वेळी वही कामी आली की ॲप.

आमच्याकडचे एक खाते नमुन्यादाखल देतो. जूनच्या सुरुवातीला मागील बाकी १,८४० रुपये होती. ४ तारखेला ६२०, १५ तारखेला ७४५ आणि २४ तारखेला ३९० रुपयांचा माल गेला, म्हणजे महिनाअखेर बाकी ३,५९५ झाली. त्या घरच्या काकू मात्र शांतपणे २,०९५ म्हणाल्या. बेरीज दोनदा तपासली, ती बरोबर होती. शेवटी बँकेच्या खात्यावरील जमा रकमा पाहिल्या, तेव्हा ११ तारखेचे १,५०० रुपये सापडले. ते काकूंच्या पुण्यातील जावयाने यूपीआयने भरले होते आणि नाव त्यांचे असल्यामुळे ते कोणत्या खात्याचे, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. वहीत ती जमा नव्हती आणि ॲप वहीवरूनच भरले जात असल्यामुळे ॲपमध्येही नव्हती. अशा वेळी दोन नोंदी असूनही आधार एकाच नोंदीचा राहतो.

निवृत्त दिवाणजी (आडत पेढी, सांगली)

आपला १,५०० चा फरक गल्ल्यात का दिसला नाही, ते आधी पाहावे. जुन्या पद्धतीत दिवसभराची नोंद रोजकीर्दीत होत असे, संध्याकाळी रोकड मोजून शिल्लक जुळवली जाई आणि त्यानंतरच रकमा खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्याला जात. कोणी पैसे दिले आणि ते लिहायचे राहिले, तर रोकड जास्त भरे आणि चूक त्याच रात्री उघडी पडे. आज पैसे बँकेत परस्पर जमा होतात, गल्ला बिनचूक जुळतो आणि खाते मात्र चुकलेले राहते. यावर उपाय असा, की बँक हा दुसरा गल्ला समजावा. रोज दुकान बंद करताना यूपीआयने आलेली प्रत्येक रक्कम एकेक करून पाहावी. ती रोखीची विक्री आहे की कोणाच्या उधारीपोटी आली आहे, हे त्याच दिवशी ठरवावे. ठरत नसेल, तर ‘अनामत’ नावाचे एक खाते काढून तिथे ठेवावी. असे खाते असते, तर काकू येताच पहिली नजर तिकडे गेली असती.

फरक शोधण्याची रीत वहीलाही लागू आहे आणि ॲपलाही. प्रथम फरकाच्या रकमेची एखादी नोंद राहून गेली आहे का, ते पाहावे. नसेल, तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधावी. गिऱ्हाइकाने दिलेले ३५० रुपये जमेऐवजी नावे पडले, तर बाकी ७०० रुपयांनी जास्त दिसते. ॲपमध्ये ही चूक वहीपेक्षा अधिक होते, कारण ‘दिले’ आणि ‘मिळाले’ ही बटणे शेजारी शेजारी असतात. फरकाला नऊने नि:शेष भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्यावा. पान भरल्यावर बाकी पुढच्या पानावर ओढताना ३,१८२ चे ३,१२८ झाले, तर फरक ५४ येतो. ही चूक वहीतलीच. ॲपमध्ये बाकी पुढे ओढावी लागत नाही, हा त्याचा निर्विवाद फायदा मी मान्य करतो.

स्टेशनरी व जनरल स्टोअर (नाशिक रोड)

मी ॲप स्वीकारले ते बेरजेसाठी नव्हे, तर प्रत्येक नोंदीबरोबर गिऱ्हाइकाला जाणाऱ्या संदेशासाठी. पूर्वी वाद महिनाअखेर व्हायचा आणि तोपर्यंत ८ तारखेला काय नेले, हे मलाही आठवत नसे आणि त्यांनाही. आता १८० च्या जागी १,८०० पडले, तर गिऱ्हाईक घरी पोहोचण्याआधीच फोन करते. नोंद करताना मी रकमेसोबत मालाचे दोन शब्दही लिहिते, उदाहरणार्थ ‘वह्या १ डझन, कंपास’, कारण नुसता आकडा पाहून कोणालाच काही आठवत नाही.

मात्र या संदेशाची दुसरी बाजूही आहे. खाते घराचे असते आणि नंबर एकाच व्यक्तीचा असतो. एका ताईंनी मला काउंटरवर हळूच विचारले, ‘हे त्यांच्या मोबाइलवर जातं का हो?’ मुलांसाठी घेतलेल्या रंगपेटीचा हिशेबही घरी द्यावा लागत होता, हे त्यांनी पुढे सांगितले. त्यांच्या खात्याचे संदेश मी बंद केले आणि त्यांना हातातली छोटी वही दिली. तीत मी लिहून सही करते आणि ती वही त्यांच्याजवळ राहते. माझ्या मते वही की ॲप यापेक्षा गिऱ्हाइकाच्या हातात नोंद पोहोचते की नाही, हे महत्त्वाचे आहे. ती कोणाच्या हातात पोहोचावी, हेही खाते उघडतानाच विचारून घ्यायला हवे.

दूध व्यवसाय (संगमनेर तालुका)

आमचा हिशेब मालाचा नसून दिवसांचा आहे. रोज एक लिटर ठरलेले असते, एखाद्या दिवशी अर्धा जास्त जातो, कोणी गावाला गेले की खाडे पडतात. उधारीच्या ॲपमध्ये मी रोज चाळीस घरांच्या नोंदी करून पाहिल्या, पण पहाटे सायकलवर ते शक्य नाही. आमच्याकडे कार्डच चालते. एक घरी भिंतीवर आणि एक माझ्याजवळ, खाड्याला फुली आणि जास्तीला आकडा. दिवसांच्या हिशेबाचे वेगळे ॲप कोणी वापरत असेल, तर कृपया कळवावे.

हार्डवेअर दुकान (लातूर)

बाकी सगळे ठीक आहे, पण कोर्टात वहीच चालते, मोबाइलमधील आकडे चालत नाहीत. म्हणून मोठी उधारी असणाऱ्यांनी ॲपच्या नादी लागू नये.

वकील (छत्रपती संभाजीनगर)

वरील विधान अर्धेच बरोबर आहे. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीतील नोंद पुराव्यात विचारात घेतली जाते, परंतु केवळ त्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही. पूर्वी ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २८ मध्ये ती आता आहे आणि तीत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबाचाही समावेश आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, एवढा फरक. दोन्हींना जोड म्हणून बिल, पोच, गिऱ्हाइकाची सही किंवा साक्षीदार लागतोच.

दुकानदारांचे खरे नुकसान मुदतीमुळे होते. उधारीची ठराविक मुदत ठरलेली नसेल, तर मालाच्या किमतीसाठी दावा माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ही तीन वर्षे संपण्यापूर्वी गिऱ्हाइकाने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तर त्या सहीपासून मुदत नव्याने मोजली जाते. वहीच्या पानावर सही घेण्याची सोय सहज असते. ॲपवाल्यांनी वर्षातून एकदा खात्याचा उतारा छापून त्यावर ‘बाकी मान्य’ असे लिहून तारखेसह सही घ्यावी.

कृषी सेवा केंद्र (यवतमाळ जिल्हा)

सहीचा मुद्दा आमच्यासाठी फार मोलाचा आहे. आमची उधारी जूनमध्ये बियाणे आणि खतापासून सुरू होते आणि कापूस विकला जाईपर्यंत थांबते. खाते वडिलांचे, माल न्यायला मुलगा येतो आणि हिशेबाला काका बसतात. त्यामुळे आम्ही माल नेणाऱ्याची सही त्या ओळीसमोरच घेतो. ॲपमध्ये अशी सही घेण्याची सोय आम्हाला मिळाली नाही, आणि गावात मेसेज वाचणारा माणूस व देणे फेडणारा माणूस बहुधा वेगवेगळे असतात.

दुसरे कारण खोडण्याचे आहे. वहीत चूक झाली, तर आम्ही एक आडवी रेघ मारतो आणि शेजारी बरोबर आकडा लिहितो, म्हणजे आधी काय लिहिले होते ते दिसत राहते. आमच्या भावाने ॲपमधील एक नोंद चुकीची समजून पुसली होती. महिन्यानंतर तिचा मागमूस राहिला नव्हता, फक्त बाकी कमी झालेली दिसत होती. दुकानात एकापेक्षा जास्त हात लिहीत असतील, तर नोंद पुसण्याचा अधिकार कोणाला आहे, हे ॲप घेण्याआधीच पाहावे. शिवाय ज्या नंबरवर खाते उघडले ते सिम बंद पडले, तर ओटीपी येत नाही आणि आपलीच खाती आपल्याला उघडता येत नाहीत. दर आठवड्याला सर्व खात्यांची पीडीएफ काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. दिवाणजींनी सांगितल्याप्रमाणे ‘अनामत’ खाते आजपासूनच काढले आहे आणि यूपीआयच्या जमा रकमा दुकान बंद करताना एकेक करून पाहणार आहे. वकीलसाहेबांना एक विचारायचे राहिले. गिऱ्हाइकाला बाकीचा उतारा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्याने ‘हो, बरोबर आहे, दिवाळीला देतो’ असे उत्तर दिले, तर ती सही धरली जाईल का?

वकील (छत्रपती संभाजीनगर)

असा संदेश उपयोगी पुरावा ठरू शकतो, म्हणून तो पुसू नये. परंतु मुदत वाढवण्यासाठी कायद्याला सहीचे लेखी कबूलपत्र हवे असते आणि नुसत्या संदेशाला तसे मानावे की नाही, यावर समोरचा पक्ष हमखास वाद घालील. रक्कम मोठी असेल, तर माणूस दुकानात आल्यावर कागदावर सही घ्या.

निवृत्त दिवाणजी (आडत पेढी, सांगली)

वकीलसाहेब, वीस-पंचवीस वर्षांच्या गिऱ्हाइकाकडे सही मागितली, तर तो अविश्वास समजून दुसरे दुकान धरतो, असे मी पाहिले आहे. आमच्या पेढीवर आम्ही पाडव्याच्या आधी बाकी वाचून दाखवत असू आणि गिऱ्हाईक थोडी का होईना रक्कम भरून त्याच पानावर सही करत असे. तो रिवाजच होता, त्यामुळे कोणाला वावगे वाटत नसे. किराणा दुकानात ज्यांनी अशी सही सुरू केली असेल, त्यांनी ती मागितली कशी, हे इथे लिहावे.