मदत हवी आहे: लग्नाआधीची मित्रांची ट्रिप, पुण्याहून आठ जण, गजबज हवी पण बजेट कमी

वडगावकर_८

आमच्या ग्रुपमधल्या एकाचं लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्याआधी बॅचलर ट्रिप करायची आहे. नवरदेव धरून आठ जण आहोत, सगळे पुण्यात, वय २६ ते २९. नवरदेवाकडून पैसे घ्यायचे नाहीत. बाकी सात जण प्रत्येकी ९,००० काढू शकतात, म्हणजे एकूण ६३,०००. आठांपैकी दोघं पीत नाहीत आणि एक शुद्ध शाकाहारी आहे. संध्याकाळनंतर जाग असलेली जागा हवी, नुसतं डोंगरावर जाऊन शेकोटी नको.

डोक्यात गोवा आहे, पण तीन रात्री या पैशांत बसतात का? गोकर्ण किंवा दमण जास्त सोयीचं पडेल का? तारीख नोव्हेंबरमधली, पक्की ठरलेली नाही.

केळवणप्रेमी

नवीन जोडप्यासाठी गणपतीपुळे उत्तम. देवदर्शन होतं, समुद्र आहे, आणि घरगुती जेवणाच्या खानावळी भरपूर आहेत. आरे-वारेचा रस्ता अजिबात चुकवू नका.

वडगावकर_८

काका, जोडप्यासाठी नाही, आम्ही मित्रच जातोय. पण आरे-वारे लक्षात ठेवतो.

माडाखाली

दमण मुंबईकरांना बरं, वापीला उतरलं की बारा-एक किलोमीटर. पुण्याहून तेवढं लांब जाऊन जे मिळतं ते तुम्ही म्हणता तसं नाही. गोकर्ण सुंदर आहे, कुडले आणि ओम किनाऱ्यावर बसायला मजा येते, पण रात्री दहानंतर बहुतेक सगळं शांत होतं. गजबज ही अट असेल तर गोवाच.

आता गोव्यात कुठे, हे तुम्ही कशाने जाता त्यावर ठरवा. पुण्याहून निघणाऱ्या बहुतेक स्लीपर बस आधी म्हापसा आणि मग पणजीला सोडतात. म्हापशाहून हणजूण, वागातोर, कळंगूट, बागा सगळं जवळ. गोवा एक्सप्रेसचं स्लीपरचं तिकीट बसपेक्षा खूप स्वस्त, पण ती पहाटे मडगावला उतरवते. मडगावहून बागा-हणजूण बरंच लांब आहे. आठ जणांना दोन टॅक्सी लागतात आणि तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच जातात. कदंबाने मडगाव-पणजी, पणजी-म्हापसा आणि पुढे स्थानिक बस असं स्वस्तात जाता येतं, पण बॅगांसकट तीन गाड्या बदलायच्या. म्हणून रेल्वेने जाणार असाल तर दक्षिणेला कोलवा किंवा पाळोळे धरा, बसने जाणार असाल तर उत्तर.

हिशेबनीस

तुमचे ६३,००० मांडून बघू. हे आकडे अंदाजाचे आहेत, बुकिंग करताना बदलतील.

शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री पुण्याहून गोव्याला आणि रविवारी रात्री परतीला, अशी सगळ्यांची धाव असते. त्या बस महाग आणि व्हिलाही महाग. तुम्ही उलट जा. रविवारी रात्री निघा, सोमवारी सकाळी पोचा, सोमवार-मंगळवार दोन रात्री राहा, बुधवारी रात्रीची बस धरा. तीन पूर्ण दिवस मिळतात आणि रजाही तीनच दिवसांची. गुरुवारी सकाळी पुण्यात.

बस एका बाजूची १,२०० धरली तर आठ जणांचे जाऊन-येऊन १९,२००. तीन बेडरूमचा व्हिला आठवड्याच्या मधल्या दिवसात ९,००० रात्र धरला तर दोन रात्रींचे १८,०००. चार स्कूटर, ४०० रुपये दिवस, तीन दिवस, म्हणजे ४,८००, आणि पेट्रोल १,२००. आतापर्यंत ४३,२०० झाले, उरले १९,८००. खाण्यापिण्याला माणशी दिवसाला ६०० म्हणजे १४,४००. शेवटी ५,४०० राहतात. त्यातले तीनेक हजार रात्रीच्या टॅक्सीला, बाकी अडीअडचणीला.

आता याच हिशेबात तिसरी रात्र घाला. व्हिला २७,०००, चार दिवसांच्या स्कूटर आणि पेट्रोल ८,०००, बस तेवढीच. ५४,२०० गेले, उरले ८,८००, आणि जेवणच १९,२०० चं होतं. तुटीचा सौदा आहे. तेव्हा दोन रात्री.

दारू यात धरलेली नाही, आणि मुद्दाम धरलेली नाही. तिची वर्गणी वेगळी काढा. दोघं पीत नाहीत, त्यांच्या माथी बाकीच्यांचं बिल मारलं की ट्रिप संपल्यावर मनं खट्टू होतात. व्हिलाची अनामत रक्कमही वेगळी ठेवा. ती परत मिळते, पण चेक-इनच्या वेळी खिशात असावी लागते.

रेतीतला_पाय

बस सकाळी सात-आठला पोचते आणि व्हिलाचं चेक-इन दुपारी एक-दोनला असतं, हे लक्षात घ्या. उलट्या बाजूला चेक-आऊट सकाळी दहा-अकराला आणि बस संध्याकाळी. बुकिंग करण्याआधीच केअरटेकरला फोन करून तीन गोष्टी विचारा: सोमवारी सकाळी लवकर आत घेणार का, नाही तर निदान बॅगा ठेवून आंघोळ करू देणार का, आणि बुधवारी बॅगा संध्याकाळपर्यंत ठेवता येतील का. आदल्या रात्री कोणी राहायला नसेल तर बहुतेक जण हो म्हणतात, सोमवारी पोचायचा हाही एक फायदा.

"तीन बेडरूम, दहा माणसं" असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तीन डबल बेड आणि दिवाणखान्यात चार गाद्या निघतात. त्या दिवाणखान्यात एसी आहे का ते विचारा. नोव्हेंबरात दमट हवा असते, तिथे झोपणाऱ्याची रात्र जाते.

स्वस्त_मस्त

व्हिला हवाच कशाला, दोन-दोनच्या हॉटेल खोल्या घ्या, स्वस्त पडतं. स्कूटर खासगी नंबरप्लेटच्या घ्या, दिवसाला शंभर-दीडशे वाचतात. बाटल्या घेऊन किनाऱ्यावर बसायचं, आणि येताना दोन-दोन बाटल्या आणायच्या, तेवढ्या चालतात.

माडाखाली

खोल्यांचं तुमचं बरोबर आहे. हणजूण किंवा कळंगूटला साध्या गेस्टहाऊसमध्ये चार खोल्या व्हिलापेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळू शकतात. फक्त आठ जण एकत्र बसायला जागा राहत नाही, आणि या ट्रिपला तीच हवी असते.

बाकी तीन गोष्टी करू नका. भाड्याच्या स्कूटरची पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं की दिवस त्यातच जातो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं, चूल मांडणं यावर दंड आहे आणि घोळक्याला तो जास्त बसतो. शॅकमध्ये बसून प्या. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. इन्सुलीला उत्पादन शुल्कवाले बसगाड्या तपासतात. नवरदेवाला लग्नाआधी त्या भानगडीत पाडू नका.

गोव्यात दारूसाठी वयाची अट २१ आहे, तुम्हाला अडचण नाही, पण आधारकार्ड जवळ ठेवा.

रात्रपाळी

सगळ्यात मोठी अडचण अजून कोणी सांगितली नाही. तुम्ही आठही मुलगे. बऱ्याच क्लबांच्या दारात फक्त मुलग्यांच्या ग्रुपला सरळ नाही म्हणतात किंवा माणशी भरपूर कव्हर लावतात, त्याला स्टॅग एन्ट्री म्हणतात. शुक्रवार-शनिवारी दारात घासाघीस करण्यात रात्र जाते. सोमवार-मंगळवारी क्लब रिकामे असतात, तेव्हा थोडं सैल असतं, पण भरवसा धरू नका.

आधी फोन करा आणि नेमकं विचारा: आठ मुलगे आहोत, येऊ देणार का, माणशी किती, आणि त्यातले किती खाण्यापिण्यात वळते होणार? "पूर्ण वळते" म्हणाले तर तो जेवणाचाच खर्च समजा. एक रात्र क्लब, एक रात्र लाइव्ह गाणी असलेला किनाऱ्यावरचा शॅक अशी वाटणी करा. शॅकला स्टॅगची भानगड सहसा नसते, आणि शाकाहारी मित्रालाही तिथे पनीर टिक्क्यापासून पिझ्झापर्यंत मिळतं.

राहायची जागा रात्री जिथे जाणार तिथून चालत पंधरा मिनिटांच्या आत घ्या. पिऊन स्कूटर चालवणं हा या ट्रिपांमधला खरा धोका आहे, वागातोरचे उतार आणि अंधारी वळणं रात्री दोनला भयानक असतात. गोव्यात ओला-उबर नाहीत. गोवा माइल्सचं ॲप आहे, पण मध्यरात्री गाडी मिळेलच असं नाही. लांब जाणार असाल तर संध्याकाळीच एखाद्या टॅक्सीवाल्याशी जाऊन-येऊन रक्कम ठरवा, थांबण्याचे किती तेही ठरवा. किंवा जे दोघं पीत नाहीत त्यांना आधी विचारा. गृहीत धरू नका, त्यांचीही ट्रिप आहे.

तिघी_अधिक_तीन

मध्येच विचारते. आम्ही सहा मैत्रिणी, याच निमित्ताने जातोय, मुंबईहून. आम्हालाही हणजूण ठीक राहील का, की पाळोळे?

रात्रपाळी

ताई, क्लबांची अडचण तुम्हाला येणार नाही, उलट काही ठिकाणी मुलींना प्रवेश फुकट असतो. तुम्ही कोकणकन्या धरा. ती रात्री सीएसएमटीहून निघते. उत्तरेला जायचं तर थिवीला उतरा, तिथून म्हापसा जवळ. तिकिटं ६० दिवस आधी उघडतात आणि सुटीच्या दिवसांची लगेच भरतात. व्हिला एकट-दुकट शेतात घेऊ नका, आजूबाजूला वस्ती आणि केअरटेकर आवारातच राहणारा बघा.

पाळोळेकर

मी पाळोळ्याच्या बाजूने. सगळे बागा-हणजूण म्हणताहेत, पण रात्री दहानंतर उघड्यावर मोठ्याने संगीत लावायला तिथेही बंदी आहे. व्हिलात स्पीकर लावलात तर शेजारी पोलिसांना फोन करतात आणि तुमच्या अनामतीतून पैसे कापले जातात. पाळोळ्याला याच नियमामुळे हेडफोन लावून नाचायची पद्धत पडली. आणि तिथे किनाऱ्यावरच्या झोपड्यांतून पाय बाहेर टाकला की समुद्र, स्कूटरची गरजच नाही. तुमचा ६,००० चा खर्च वाचतो.

रात्रपाळी

हेडफोन पार्टी शनिवारी असते, हे सोमवार ते बुधवार जाणार. मधल्या दिवसात पाळोळे संध्याकाळी सुंदर आणि रात्री साडेअकराला झोपलेलं.

पाळोळेकर

झोपलेलं नाही, धीमं म्हणा. आठ जिवलग मित्र असतील तर गजबज त्यांची त्यांनाच पुरते.

हिशेबनीस

तारखेबद्दल एक. दिवाळीच्या आठवड्यात गोवा तुडुंब आणि महाग असतो, तो टाळा. २० नोव्हेंबरच्या सुमारास पणजीत चित्रपट महोत्सव असतो, तेव्हा पणजी परिसरातल्या खोल्या महागतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात फेस्त. त्यामुळे दिवाळी संपल्यावरचा आणि महोत्सवाआधीचा आठवडा सोयीचा. नवरदेवाचाही विचार करा: तीन दिवस उन्हात राहून कातडी काळवंडली तर उतरायला तीनेक आठवडे लागतात, आणि फोटोग्राफर ठरलेला असणार. टोपी आणि सनस्क्रीन त्याच्या बॅगेत घालाच. बुधवारी निघणार म्हणून हणजूणचा बुधवारचा बाजारही तुमच्या वाट्याला येतो, शेवटच्या दुपारी तिथे जा.

स्कूटर घेताना चारी बाजूंचा व्हिडिओ काढा आणि मालकाला तिथेच पाठवा. परत देताना जुन्या ओरखड्यांचे पैसे मागण्याचे प्रकार होतात. मूळ आधार किंवा लायसन्स ठेवून देऊ नका, झेरॉक्स द्या.

वडगावकर_८

सगळ्यांचे आभार. दोन रात्री आणि रविवारी रात्री निघायचं हे नक्की करतोय. हणजूणला तीन व्हिला बघितलेत, उद्या केअरटेकरांना फोन लावतो. ग्रुपमध्ये तिघं मात्र आता पाळोळे म्हणू लागलेत. मडगावला पहाटे उतरून काणकोणपर्यंत आठ जणांनी बॅगांसकट जायचं तर कदंबाच्या बसमध्ये तेवढी जागा मिळते का? की मडगाव-काणकोण रेल्वेचीच पुढची गाडी बघावी?