व्हिसासाठीचं पत्र: ‘पाठिंबा’, ‘हमी’ की ‘दाखला’?

दुबईकर: मी इथे एका छोट्या फर्ममध्ये आहे, मालक सांगलीचे. जूनमध्ये बहिणीकडे नेदरलँड्सला जायचंय, म्हणून शेंगेन व्हिसाला कंपनीचं पत्र हवंय. पत्र इंग्रजीत निघेल, पण आमचा अकाउंटंट (तोही मराठीच) माझ्या मेलवरूनच उतरवून काढतो. पाठवण्याआधी शब्द तपासून द्याल का?

> आदरणीय सर,
> मी जूनमध्ये बहिणीकडे नेदरलँड्सला जाणार आहे. त्यासाठी १५ ते २८ जूनपर्यंत सुट्टी घेतली आहे. तरी आपण मला व्हिसासाठी पाठिंबा पत्र द्यावे व त्यात आपण माझे स्पॉन्सर असल्याचे लिहावे ही विनंती. दोन आठवड्यांत परत येण्याचा प्रयत्न करेन.

कोरा कागद: ‘पाठिंबा पत्र’ वाचून आमदार डोळ्यांसमोर आले. पाठिंबा सरकारला देतात, नाहीतर उपोषणाला. ‘हमीपत्र’ लिही.

म्युनिकची काकू: हमीपत्र अजिबात नको! आईबाबांना बोलवताना मी परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन सही केली, ती खरी हमी. पाहुण्यांवर सरकारचा खर्च झाला, तर पाच वर्षांपर्यंत तो माझ्याकडून वसूल होऊ शकतो. पगाराच्या पावत्या तपासल्या आधी. तुझ्या बहिणीने तसलं काही केलंय का?

दुबईकर: काकू, बहीण फक्त राहायला देतेय. खर्च माझा. मला कंपनीकडून पत्र हवंय.

जुना कारकून: मग मेलमधला सगळ्यात घातक शब्द ‘स्पॉन्सर’. दुबईत आपण तो सहज बोलतो, कारण आपला रहिवासी व्हिसा कंपनीवर असतो. शेंगेनच्या अर्जात मात्र प्रवासाचा खर्च कोण करणार, अर्जदार स्वतः की स्पॉन्सर, असा रकाना आहे. तू ‘स्वतः’वर खूण करणार आणि कंपनीचं पत्र म्हणणार ‘आम्ही स्पॉन्सर’. तपासणारा माणूस तिथेच थांबेल.

तुला हवाय तो नोकरीचा दाखला. हुद्दा काय, कधीपासून, पगार किती, रजा कोणत्या तारखांना मंजूर. तलाठ्याचा असो की शाळेचा, दाखला म्हणजे नोंदीत जे आहे ते लिहून देणं. देणारा त्यात बाजूही घेत नाही आणि पैशाची जबाबदारीही घेत नाही.

कोरा कागद: दाखला म्हटलं की मला शाळा सोडल्याचाच आठवतो. मालकांना वाटेल, हा नोकरी सोडतोय! सरळ ‘ना हरकत’ म्हणा. आखातात सगळे एनओसीच म्हणतात, आणि त्यात पगार वगैरे लागत नाही.

जुना कारकून: नाव बरोबर, पगाराचं चूक. नुसती ‘आमची हरकत नाही’ एवढी ओळ असली, तर तू तिथे काम करतोस हेही कळत नाही. इथल्या एनओसीत हुद्दा आणि पगार असतोच.

आणि ‘सुट्टी घेतली आहे’ का? सुट्टी रविवारचीही असते. रजा हा अरबी ‘रिझा’वरून आलेला शब्द, म्हणजे संमती. रजा मंजूर होते, आणि पत्रात नेमकं तेच दिसायला हवं. ‘परत येण्याचा प्रयत्न करेन’ ही तुझी नम्रता, पण अकाउंटंटने तशीच उतरवली तर तू परत येशील की नाही, हाच प्रश्न उभा राहील. तारीख टाकून ‘रुजू होईन’ लिही. गंमत म्हणजे रुजूचं मूळ अरबी ‘रुजू’, अर्थ परतणं.

म्युनिकची काकू: मी तर रजा आणि सुट्टी सारखंच वापरते. पुण्यात कोण फरक करतं?

जुना कारकून: बोलताना कोणीच नाही. मीसुद्धा नाही.

एवढंच बदललंय, बाकी तुझंच:

> आदरणीय सर,
> मी जूनमध्ये बहिणीकडे नेदरलँड्सला जाणार आहे. त्यासाठी १५ ते २८ जून अशी माझी रजा आपण मंजूर केली आहे. व्हिसाच्या अर्जासाठी मला कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, नोकरीचा दाखला (एनओसी) मिळावा ही विनंती. त्यात माझा हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, मासिक पगार आणि रजेच्या तारखा असाव्यात. प्रवासाचा खर्च मी स्वतः करणार आहे. सोमवार, २९ जून रोजी मी कामावर रुजू होईन.

‘१५ ते २८ जूनपर्यंत’ मधला ‘पर्यंत’ काढलाय, ‘ते’ आलं की तो जादा. आणि अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आधी द्यावा लागतो, तेव्हा मेल आजच टाक.

कोरा कागद: कंसातली एनओसी ठेवलीत म्हणजे माझं थोडं ऐकलंत.

दुबईकर: पाठवला. सरांचं उत्तर आलं: ‘देतो. पण दाखला कशाला, सोडून चाललास का?’