अनुभव धागा : सिमच्या नेटवर बारीक अपलोड, तरी लाईव्ह स्वच्छ दिसायला हवं. तुम्ही काय सेटिंग लावता?

गडाखालचा
आमच्या गावी सप्ताहाचं कीर्तन यूट्यूबवर लाईव्ह असतं. मुंबई-पुण्यात पोटापाण्याला गेलेली मंडळी रात्री लावून बसतात. गावात केबलचं नेट नाही, त्यामुळे फोनचं सिम, लॅपटॉपवर ओबीएस आणि ट्रायपॉडवर एक कॅमेरा एवढाच संसार. दुपारी स्पीड टेस्ट 9 एमबीपीएस अपलोड दाखवते. मंडप भरला, प्रत्येकाच्या हातात फोन आला की तोच आकडा 3 च्या खाली घसरतो.

म्हणून दुपारचा आकडा मी धरतच नाही. आदल्या रात्री, गर्दी असताना, लिंक कुणाला न देता यूट्यूबवर अर्धा तास चाचणी लाईव्ह लावतो आणि नेट कितीवर टिकून राहतं ते बघतो. स्पीड टेस्ट एकाच वेळी अनेक जोडण्या उघडून मोजते, आपलं लाईव्ह मात्र एकाच जोडणीतून जातं, म्हणून तिचा आकडा नेहमी फुगलेला. यंदा टिकाव 2.6 चा होता. त्याचे दोन-तृतीयांश धरले, म्हणजे साधारण 1.7. त्यात चित्राला 1600 केबीपीएस, आवाजाला 96 मोनो. सीबीआर, 720p, 25 फ्रेम, कीफ्रेम 2 सेकंदांवर.

1080p मुद्दाम नाही. त्यात 720p च्या सव्वादोनपट पिक्सल असतात आणि 1600 तेवढ्यांत वाटले की बुवांनी हात उचलला रे उचलला, चेहऱ्यावर ठोकळे. तुमचे अनुभव लिहा. आकड्यांसकट लिहा, नुसतं 'मस्त चालतं' नको.

मिक्सरवाला
आकडे पटले. एक भर घालतो : एन्कोडरच्या आधी कॅमेरा बघा. मंडपात उजेड कमी, कॅमेरा ऑटोवर, की तो गेन वाढवतो आणि चित्रात दाणे वळवळायला लागतात. एन्कोडरला ती वळवळ हालचालच वाटते. निम्मा बिटरेट दाण्यांवर खर्च होतो आणि बुवांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. गेन हाताने खाली आणा आणि बुवांवर समोरून एक दिवा जास्त लावा. शटर 1/50 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, 1/60 ला ट्यूबलाईटचे पट्टे चित्रात फिरतात. मागची झगमगती माळ बंद करायला सांगा, तीही बिटरेट खाते. मागे साधा एकरंगी पडदा असला तर त्याच 1600 मध्ये फेट्याच्या घड्या दिसतात. हे करून बघितलेलं आहे.

कोडेकभाऊ
x264 ला प्रीसेट veryfast असतो, तो slow करा. अपलोड कमी लागतं, निम्म्यात काम होतं.

मिक्सरवाला
भाऊ, अर्धं बरोबर. सीबीआर लावलाय म्हटल्यावर अपलोड तेवढंच लागणार, 1600 म्हणजे 1600. प्रीसेट हळू केला की त्याच 1600 मध्ये चित्र सुधारतं, आणि कमी बिटरेटला तो फरक डोळ्यांना दिसतो. पण प्रोसेसर घाम गाळतो. ओबीएसमध्ये View मधून Stats उघडून ठेवा. तिथे `Skipped frames due to encoding lag` हा आकडा वाढू लागला तर लॅपटॉप दमलाय. `Dropped frames (Network)` वाढला तर नेट दमलंय. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी. पहिल्यात प्रीसेट एक पायरी जलद करा, दुसऱ्यात बिटरेट कमी करा. लोक नेट अडकलं की प्रीसेट बदलत बसतात आणि मग म्हणतात फरकच पडत नाही. साध्या आय-फाइव्हवर 720p25 ला faster आरामात चालतो, medium जमलं तर उत्तम. पण मंडपातल्या उकाड्यात लॅपटॉप तापून मंद होतो. घरी अर्धा तास चाललं म्हणून तिथे रात्रभर चालेल असं नाही.

एडिसनची मावशी
मी न्यूजर्सीहून बघते. आमच्या गावचं लाईव्ह सारखं गोल गोल फिरत राहतं, इकडे नेट तर भरपूर आहे. मी माझ्या बाजूने कुठलं सेटिंग बदलू?

गडाखालचा
मावशी, तुमच्याकडून फार काही होणार नाही. गावाहून यूट्यूबपर्यंत फ्रेम पोचल्याच नाहीत तर तुमच्या नेटचा काय उपयोग? लाईव्ह करणाऱ्या पोरांना एक सांगा : यूट्यूबमध्ये लेटन्सी Ultra low वर असेल तर Normal करा. कीर्तन काही सेकंद उशिरा दिसेल, पण प्लेअरकडे साठा राहतो आणि मधला झटका तुम्हाला जाणवत नाही. समोरून प्रश्न-उत्तरं चालू असतील तरच लेटन्सी कमी ठेवण्यात अर्थ आहे.

रेडर_7
कीर्तन सोपं हो, माणूस एका जागी उभा. आमची रात्रीची कबड्डी. रेड सुरू झाली की सात-आठ जण एकदम हलतात. 720p ला 1800 लावलं तर पकडीच्या क्षणी सगळा चिखल, पट्टी ओलांडली की नाही तेच दिसत नाही. आता 960×540 करून टाकलंय. पोस्टरसारखं कोरीव नाही दिसत, पण पाय दिसतो. कॅमेरा उंचावर एका जागी घट्ट, झूम नाही, रेडरमागे फिरवणं नाही. कॅमेरा फिरवला की आख्खी फ्रेम बदलते आणि बिटरेट त्यातच संपतो.

कीफ्रेमचंही सांगतो. कमी बिटरेटला दर 2 सेकंदांनी चित्र श्वास घेतल्यासारखं होतं, क्षणभर साफ, मग मऊ. मी 4 वर नेलं, धडधड कमी झाली. यूट्यूब 4 च्या वर नको म्हणतं, त्यामुळे पुढे गेलो नाही.

मिक्सरवाला
540p मला नाही पटत. मोठ्या टीव्हीवर लावलं की स्कोअरबोर्डची अक्षरं पुसट होतात. त्यापेक्षा 720p ठेवून आखाड्यावरचा उजेड वाढवा.

रेडर_7
उजेड वाढवायला जनरेटर कुणाचा? आमच्याकडे बघणारे निम्म्याहून जास्त मोबाईलवर. तुमचं तुमच्या जागी, आमचं आमच्या जागी.

टॉवरखाली
नेटबद्दल कुणीच लिहीत नाहीये. हॉटस्पॉटच्या वायफायवर राहू नका, मंडपात शंभर फोनचं वायफाय चालू असतं. डेटा केबलने यूएसबी टेदरिंग करा. फोन खिशात नको, बांबूला उंच बांधा. साधी केबल 5 मीटरच्या आतच ठेवा, लांब केली की जोडणी तुटते. आणि 5जीची एक-दोन कांडी येऊन जात असेल तर फोन सरळ 4जीवर अडकवून टाका. टॉवर बदलताना जो खड्डा पडतो त्यातच लाईव्ह मरतं. गावातले सगळे ज्या कंपनीचं सिम वापरतात ते सोडून दुसरं घ्या, भले रेंज एक कांडी कमी दाखवो.

गडाखालचा
दुसऱ्या सिमचा अनुभव मलाही तोच. शिवाय ओबीएसच्या Advanced मध्ये, Network खाली `Dynamically change bitrate to manage congestion` वर खूण करतो. नेट बसलं की फ्रेम टाकण्याऐवजी बिटरेट आपोआप उतरतो. चित्र थोडं मऊ होतं, पण अभंग मध्येच तुटत नाही. टाळ-मृदंगाचा आवाज थांबला की मुंबईहून लगेच फोन येतात. चित्र मऊ झाल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही.

कोडेकभाऊ
मग HEVC का नाही लावत? ओबीएस 29.1 पासून यूट्यूबला जातं. 1600 मध्ये 1080p निघेल.

गडाखालचा
माझ्या लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्ये HEVC एन्कोडर नाही, सॉफ्टवेअरवर केलं तर पंखा बुवांपेक्षा मोठ्याने वाजेल. ज्यांच्याकडे आहे त्यांनी एकाच रात्री, त्याच सिमवर दोन्ही लावून बघितलंय का? गर्दीतला आकडा घेऊन या.