प्रतिसाद: तीन बाटल्या, तीन बीओडी

> "मिरकरवाड्याकडच्या कोळंबी युनिटचं सांडपाणी. ३०० मिलीच्या बाटल्यांत ०.५, १ आणि २ मिली नमुना, सगळ्यांत २ मिली सीड. बीओडी १६२०, १४१०, ११४०. धरू कोणती?"

यातली एकही नाही. बीओडी म्हणजे जिवाणूंना पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन. नमुना वाढतो तसा आकडा उतरतोय, म्हणजे बहुधा सीडने, मुद्दाम घातलेल्या जिवाणूंनी, खाल्लेला ऑक्सिजन वजा करायचा राहिलाय. नमुना कमी असलेल्या बाटलीत तीच चूक जास्त पटीने गुणली जाते.

तुमचे आकडे ३०० भागिले नमुना, म्हणजे ६००, ३०० आणि १५० ने भागले की ऑक्सिजनची घट २.७, ४.७ आणि ७.६ मिग्रॅ/लि येते. सीडची वेगळी बाटली लावली होती ना? समजा, तिच्यात १० मिली सीडने पाच दिवसांत ४.० मिग्रॅ/लि घट दिली. मग २ मिलीची ०.८. ती वजा करून:

```
(2.7 - 0.8) x 600 = 1140
(4.7 - 0.8) x 300 = 1170
(7.6 - 0.8) x 150 = 1020
```

तिसरी बाटली बाद. सुरुवातीचा डीओ, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन, ८.४ असेल तर शेवटी ०.८च उरला, किमान १ उरायला हवा आणि घट किमान २ हवी. पहिल्या दोघींची सरासरी ११५५.

अर्धा मिली थेट पिपेटने घेऊ नका. आधी नमुना दहापट पातळ करा, मग त्यातला ५ मिली घ्या. आणि कोळंबी धुवायला क्लोरीनचं पाणी वापरतात, तेव्हा सीड घालण्याआधी सोडियम सल्फाइटने क्लोरीन मारा, नाहीतर सीडच मरतं. (आमच्याकडे एकदा घट जेमतेम ०.३ आली, तेव्हा कळलं.)

प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात २७ अंशांवर तीन दिवसांची बीओडी लिहिली असेल, तर २० अंशांचा हा पाच दिवसांचा आकडा तिथे भरू नका.