गॅसचा वास आला तर: चिठ्ठीत काय लिहावं

>> आई-बाबा गावी दोघंच असतात. गॅसचा वास आला तर काय करायचं, हे थोडक्यात कसं लिहून देऊ?

आमच्या आईचा हात आधी एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे जायचा. म्हणून तिच्या चिठ्ठीची पहिली ओळ हीच आहे, मोठ्या अक्षरात: "कुठलंही बटण लावू नका, चालू असलेलं बंदही करू नका." ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. काडी, देवापुढचा दिवा, बेल, मोबाइल, सगळंच त्यात आलं. दिवा तेवत असेल किंवा वास फार उग्र असेल, तर काहीही न करता दोघांनी थेट बाहेर पडायचं.

वास हलका असेल तर रेग्युलेटरची खुंटी बंद करायची आणि जाता जाता दारं-खिडक्या सताड उघडायच्या. दार महत्त्वाचं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. नुसत्या वरच्या खिडकीने तो निघत नाही. संधिवाताच्या बोटांना खुंटी फिरत नसेल तर झटापट करू नये, बाहेर पडावं.

फोन अंगणात जाऊन, १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनवर. हा नंबर चिठ्ठीच्या तळाशी लिहा आणि चिठ्ठीची एक प्रत शेजाऱ्यांकडेही द्या. उतारवयात वास कमी येतो, त्यामुळे कधी कधी तो आधी शेजाऱ्यांनाच जाणवतो.